'प्रोबायोटिक' सीरमच्या बाटलीत नक्की जिवंत काय असतं?

सायली_घोडबंदर (धागाकर्ती)

मंडळी, मागच्या महिन्यात सेलमध्ये एक सीरम घेतलं. ३० मिली, १३९९ रुपये. खोक्यावर समोर 'प्री + प्रो + पोस्टबायोटिक', त्याखाली 'त्वचेच्या मायक्रोबायोमचा समतोल परत आणते', म्हणजे त्वचेवरच्या जिवाणूंच्या वस्तीचा, आणि कोपऱ्यात पानांच्या नक्षीत 'लाभदायक जिवाणूंनी समृद्ध'. घरी आल्यावर नवऱ्याने खोकं उलटंपालटं करून विचारलं, "जिवाणू आहेत ना आत? मग दह्यासारखं फ्रीजमध्ये ठेवायचं का?" मी हसले खरी, पण उत्तर काही सुचलं नाही. बाटलीवर तर 'थंड व कोरड्या जागी ठेवा' एवढंच आहे आणि मुदत दोन वर्षांची.

मागच्या बाजूची यादी भिंगाने वाचून इथे उतरवतेय: पाणी, ग्लिसरीन, नायसिनामाइड, प्रोपेनडायॉल, इन्युलिन, झँथन गम, फिनॉक्सीइथेनॉल, इथाइलहेक्सिलग्लिसरीन, लॅक्टोबॅसिलस फर्मेंट लायसेट, बिफिडा फर्मेंट लायसेट, पँथेनॉल, सोडियम हायलुरोनेट, डायसोडियम ईडीटीए, सायट्रिक ॲसिड, सुगंध.

तीन आठवडे लावतेय. गालांवरची लाली जरा कमी वाटते. प्रश्न दोन आहेत. हे जिवाणू दोन वर्षं बाटलीत काय खाऊन जगतात? आणि फरक पडतोय तो त्यांच्यामुळे का?

तिरकस_सदाशिव

१३९९ मध्ये आमच्या डेअरीत चांगलं मोठं पातेलं भरून दही येईल. जिवाणू मोजूनही घ्या वाटलं तर.

हिरवी_वेल

सायली, तुझ्या यादीतच उत्तर आहे. फिनॉक्सीइथेनॉल हे प्रिझर्व्हेटिव्ह आहे, जिवाणू मारायलाच घालतात. एका हाताने चांगले जिवाणू घालायचे नि दुसऱ्या हाताने मारायचे, ही सरळ फसवणूक आहे. तेच तुझ्या चेहऱ्यावरचे चांगले जिवाणूही मारत असणार. मी दोन वर्षं फक्त प्रिझर्व्हेटिव्ह-फ्री वस्तू वापरते. त्यांत जिवंत प्रोबायोटिक टिकतात, शिवाय रसायनंही नाहीत.

पेट्रीडिश

हिरवी_वेल, पहिलं वाक्य बरोबर आहे, पुढची घसरली आहेत. मी अंबरनाथच्या एमआयडीसीत सौंदर्यप्रसाधनांच्या तपासणी प्रयोगशाळेत अकरा वर्षं काढली आहेत, त्यामुळे या विषयावर जरा लांबण लावतो.

क्रीम असो की सीरम, प्रत्येक लॉटचा नमुना आमच्याकडे येतो. एक ग्रॅम माल घ्यायचा आणि लेसिथिन व ट्वीन ८० घातलेल्या द्रावणात मिसळायचा. ते दोन्ही कशासाठी, तर मालातलं प्रिझर्व्हेटिव्ह गप्प करायला. नाहीतर ते प्लेटवरही काम करत राहतं आणि माल खोटाच स्वच्छ दिसतो. मग अगार या जंतूंच्या खाद्याच्या जेलीवर ओतायचं, उबवायचं, नि उगवलेले ठिपके मोजायचे. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १७५१६ प्रमाणे एका ग्रॅममध्ये हजाराच्या वर जंतू चालत नाहीत. डोळ्यांभोवती लावायच्या किंवा तीन वर्षांखालच्या मुलांच्या वस्तूंना ही मर्यादा शंभरावर येते. चार जंतू तर अजिबात सापडता कामा नयेत. बऱ्या लॉटची प्लेट कोरी करकरीत असते. त्यावर काही दिसलं की आमच्याकडे फोनाफोनी सुरू होते.

आता गंमत बघा. खाण्याच्या प्रोबायोटिक पुडीवर जिवाणूंचे आकडे कोटींत, अब्जांत असतात. तसा माल माझ्या टेबलावर आला तर मी तो नापास करणार, कारण माझी प्लेट चांगले-वाईट ओळखत नाही, ती फक्त मोजते. म्हणजे जी बाटली तपासणीतून सुटून तुमच्या घरी पोचली, ती जिवंत जिवाणूंनी 'समृद्ध' नाही म्हणूनच पोचली.

मग 'लायसेट' म्हणजे काय? टाकीत जिवाणू वाढवतात, मग उष्णतेने किंवा दाबाने फोडतात. उरतात त्यांच्या भिंतींचे तुकडे, प्रथिनं, थोडी साखर, लॅक्टिक ॲसिड. सायली, तुझ्या बाटलीतले जिवाणू काही खात नाहीत. कारखान्यात यायच्या आधीच त्यांचा कारभार आटोपला होता. यात लपवाछपवी यादीत नाही, यादी सरळ 'लायसेट' म्हणते. लपवाछपवी आहे ती समोरच्या पानांच्या नक्षीत.

आणि प्रिझर्व्हेटिव्ह-फ्रीबद्दल. पाणी असलेल्या सीरममध्ये राखणारं काहीच नसेल तर त्यात जे वाढेल ते लॅक्टोबॅसिलस नसेल. सुडोमोनास नावाचा रोगजंतू असेल. त्याला फारसं काही लागत नाही, पाणी मिळालं की पुरे. तुमची वस्तू खरंच दोन वर्षं टिकत असेल तर त्यात राखण करणारं काहीतरी आहेच, फक्त नाव गोड आहे. यादी टाकता का?

हिरवी_वेल

टाकते. पाणी, कोरफड रस, ग्लिसरीन, ल्यूकोनोस्टॉक/रॅडिश रूट फर्मेंट फिल्ट्रेट, झँथन गम, लॅक्टिक ॲसिड. बघा, एकही प्रिझर्व्हेटिव्ह नाही.

पेट्रीडिश

चौथं नाव पुन्हा वाचा. मुळ्यावर आंबवण करून काढलेला हा अर्क 'नैसर्गिक' राखणदार म्हणूनच विकला जातो. आंबवलेला पदार्थ आहे म्हणून तो प्रोबायोटिकच्या गटात खपतो, पण त्याचं बाटलीतलं काम जंतू मारण्याचं. अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये असाच एक बाजारातला मुळ्याचा आंबवलेला अर्क तपासला. त्यातला जंतुनाशक गुण कुठून येतो हे शोधताना हाती लागलं सॅलिसिलिक ॲसिड आणि एक कृत्रिम चतुष्क अमोनियम क्षार, जो फरशी-ओटे पुसायच्या जंतुनाशकांत वापरतात. सगळे अर्क असेच असतात असं मी म्हणत नाही. पण 'रसायनं नाहीत' हे म्हणायच्या आधी थांबा.

हिरवी_वेल

हे माहीत नव्हतं. पण फिनॉक्सीइथेनॉल त्वचेवरचे जिवाणू मारतं की नाही, हे तुम्ही सांगितलंच नाही.

पेट्रीडिश

रास्त. बाटलीत मारतं हे मी रोज बघतो. चेहऱ्यावर पातळ थर लागतो, तो घामात, तेलात विरतो, आणि जिवाणू केसांच्या मुळाशीही असतात. तिथे किती परिणाम होतो यावर मी छातीठोक बोलणार नाही, माझं काम प्लेटपुरतं.

नंदिनी_आई

माझ्या मुलाला जुलाब झाले तेव्हा डॉक्टरांनी प्रोबायोटिकच्या पुड्या दिल्या होत्या. चार उरल्यात. त्या गुलाबपाण्यात कालवून चेहऱ्याला लावल्या तर चालतील का? त्यात तरी जिवंत आहेत ना?

तिरकस_सदाशिव

ताई, आधी मुलाची परवानगी घ्या.

त्वचा_निवासी

नंदिनीताई, नका लावू. त्या पुड्यांतले जिवाणू आतड्यासाठी निवडलेले असतात. चेहऱ्यावर त्यांना ना तसं अन्न मिळतं ना ओलावा. मुलाच्या पोटासाठी त्यांचा उपयोग झाला असेल, तो इथे आपोआप लागू होत नाही.

मी त्वचारोग विभागात निवासी डॉक्टर आहे, वेळ मिळेल तसं लिहिते. त्वचेवर नांदणारी मंडळी वेगळी आहेत: क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस, ज्याचं २०१६ पर्यंत आडनाव प्रोपिओनीबॅक्टेरियम होतं; स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस; आणि मॅलॅसेझिया ही बुरशी. लॅक्टोबॅसिलस आणि बिफिडो हे चेहऱ्याचे नेहमीचे रहिवासी नव्हेत. म्हणून 'समतोल परत आणते' वाचलं की मला पहिला प्रश्न पडतो की कोणाचा समतोल? जो तिथे राहतच नाही त्याचे तुकडे घालून?

कमलाकाकू

मुलींनो, एवढा खटाटोप कशाला. आमच्या आईने आम्हाला डाळीचं पीठ, दही नि चिमूटभर हळद लावून वाढवलं. दही म्हणजे जिवंत जिवाणूच की! माझी कातडी बघा बासष्टाव्या वर्षी. नातीला इसब आहे, तिलाही रोज लावते.

त्वचा_निवासी

काकू, तुमची कातडी छानच असणार. पण नातीला दही लावणं कृपया थांबवा. इसबाची त्वचा फुटलेली असते. दह्याचं आम्ल तिथे झोंबतं, डाळीचं पीठ खरखरीत घासतं, आणि फुटलेल्या त्वचेतून दुधाची प्रथिनं रोज आत गेली तर पुढे दुधाचीच ॲलर्जी जडण्याची भीती असते. तिला साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर आंघोळीनंतर लगेच, भरपूर लावा. तिच्या डॉक्टरांना एकदा दाखवा.

कमलाकाकू

आमच्या वेळी कोणाला काही झालं नाही. पण दाखवते. रविवारी नेते तिला.

पेट्रीडिश

दह्यावरून आठवलं. लॅक्टोबॅसिलस आमच्या नेहमीच्या अगारवर नीट उगवत नाही, म्हणून कोणी म्हणू शकेल की 'जिवाणू होते, तुमच्या प्लेटला दिसले नाहीत'. हा आक्षेप मलाही छळत होता. एकदा दुकानातून 'जिवंत प्रोबायोटिक' असं लिहिलेलं एक क्रीम आणलं. एमआरएस अगार घेतला, तो लॅक्टोबॅसिलसचा लाडका. एका प्लेटवर क्रीम, प्रिझर्व्हेटिव्ह गप्प करून. दुसरीवर घरच्या विरजणाचं बोट. दोन्ही प्लेटा काचेच्या बरणीत ठेवल्या, आत मेणबत्ती लावून झाकण घातलं. ज्योत विझते तोवर आतला थोडा ऑक्सिजन खर्ची पडतो नि कार्बन डायऑक्साइड वाढतो, ही आमची गरिबाची पद्धत. ३७ अंशांवर तीन दिवस. विरजणाच्या प्लेटवर दुधाळ पांढरे ठिपके इतके दाट की मोजता येईनात, आणि झाकण उघडताच आंबूस वास. क्रीमची प्लेट आरशासारखी कोरी.

एका डबीवरून बाजार ठरत नाही, हे मान्य. आणि अपवाद आहेत: पाणी अजिबात नसलेली पावडर किंवा तेलातला माल असेल, तर सुप्त अवस्थेतले जिवाणू टिकवता येतात. पण मग खोक्यावर कोणता जिवाणू, किती संख्येने आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे लिहिलेलं दिसायला हवं. ते नसेल तर मी ते जिवंत धरत नाही.

एडिसनचा_मराठी

न्यू जर्सीहून. खरा जिवंत माल मी वापरलेला आहे. २०१५ च्या आसपास इथे एक फवारा निघाला होता, नायट्रोसोमोनास युट्रोफा नावाचा, घामातला अमोनिया खाणारा जिवाणू. कल्पना अशी की साबण सोडा नि हा फवारा मारा. तो मात्र फ्रीजमध्ये ठेवायला सांगायचे. बायकोने दुधाच्या कॅनशेजारी ठेवू दिला नाही, म्हणून मी खालच्या कप्प्यात मिरच्यांच्या मागे ठेवायचो. महिनाभर केलं. घामाचा वास कमी झाला की माझं नाक सरावलं, देवजाणे. घरच्यांचं मत वेगळं होतं.

सायली_घोडबंदर

म्हणजे नवऱ्याचा फ्रीजचा प्रश्न इतका वाह्यात नव्हता! 😄 त्याला दाखवणार नाही हे.

पेट्रीडिश, जिवंत नाहीत हे पटलं. पण मेलेल्यांच्या तुकड्यांचाही उपयोग असू शकतो ना? 'पोस्टबायोटिक' म्हणजे तेच ना?

त्वचा_निवासी

असू शकतो, आणि 'मेलेत म्हणजे थाप' असं म्हणणं चुकीचं ठरेल. या विषयावरची शास्त्रज्ञांची एक आंतरराष्ट्रीय संघटना आहे. त्यांनी २०२१ मध्ये निर्जीव जिवाणू किंवा त्यांच्या भागांपासून केलेल्या वस्तूला पोस्टबायोटिक हा शब्द दिला, पण अट घातली की आरोग्याला फायदा दिसला पाहिजे. ही अट खोक्यापर्यंत पोचत नाही.

एक चांगला अभ्यास सांगते, कारण जाहिरातींमागे बऱ्याचदा तोच असतो. २०१० चा, लोरेआलच्या संशोधकांचा. चटकन झोंबणारी, संवेदनशील त्वचा असलेल्या ६६ बायका. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट, ३३ आणि ३३. एका गटाला बिफिडोबॅक्टेरियम लाँगमचा अर्क १० टक्के घातलेलं क्रीम, दुसऱ्याला अर्काविना क्रीम. दिवसातून दोनदा, दोन महिने. मोजलं काय? लॅक्टिक ॲसिड लावल्यावर किती झोंबतं ते, आणि चिकटपट्टी पुन्हापुन्हा लावून ओढताना त्वचेचा थर किती पट्ट्यांनंतर हार मानतो ते. अर्कवाल्या गटात झोंबणं कमी झालं आणि थर मोडायला जास्त पट्ट्या ओढाव्या लागल्या.

मला हा अभ्यास बरा वाटतो, कारण तुलना साध्या क्रीमशी होती, रिकाम्या चेहऱ्याशी नव्हती. पण तीन गोष्टी बघा. एक, फायदा झोंबण्यात आणि थराच्या ताकदीत दिसला. जिवाणूंचा 'समतोल' हा त्याचा निकष नव्हता. दोन, ६६ जणी आणि बनवणाऱ्यांनीच केलेला. तीन, १० टक्के. सायलीच्या बाटलीत किती?

पेट्रीडिश

ते मी काढून देतो, यादीतूनच निघतं.

यादी जास्तीकडून कमीकडे लिहितात, पण १ टक्क्याखालचे घटक शेवटी हवे त्या क्रमाने लिहायची मुभा असते. फिनॉक्सीइथेनॉल साधारण १ टक्क्यापर्यंतच वापरतात, युरोपात तर तीच कायदेशीर मर्यादा. आता सायलीच्या यादीत दोन्ही लायसेट त्याच्या मागे आहेत. म्हणजे प्रत्येक लायसेट फार तर १ टक्का, बहुधा त्याहून बराच कमी. अभ्यासातल्या प्रमाणाच्या दहाव्या हिश्शावर काही जात नाही.

उलटं मात्र खरं मानू नका. लायसेट फिनॉक्सीइथेनॉलच्या पुढे लिहिला म्हणून तो भरपूर आहे असं होत नाही, कारण १ टक्क्याखालची नावं ते हवी तिथे नाचवू शकतात. यादीवरून कमाल कळते, किमान नाही.

शिवाय अर्क येतो तो पातळ द्रव. समजा ०.५ टक्का घातला. ३० मिलीच्या बाटलीत तो साधारण ०.१५ ग्रॅम झाला. त्या द्रवात शंभरात पाच भाग घन असेल असं धरलं, तर बाटलीभर मिळून सात-आठ मिलिग्रॅम. पाच हा आकडा मी उदाहरणादाखल घेतलाय, पुरवठादाराप्रमाणे बदलतो. पण यावरून 'नव्वद टक्के फर्मेंट फिल्ट्रेट' लिहिलेल्या बाटल्यांचंही कोडं सुटतं. गाळलेलं आंबवण बहुतांशी पाणीच असतं, जसं ताक. बाटलीत नव्वद टक्के ताक आहे म्हणजे नव्वद टक्के लोणी नव्हे.

सायली_घोडबंदर

मग माझी लाली कशाने कमी झाली?

पेट्रीडिश

तिसरं नाव बघ. नायसिनामाइड. ग्लिसरीननंतर लगेच आलाय, मात्राही त्यामानाने बरी असणार, आणि लालीवर व त्वचेचा थर घट्ट करण्यावर त्याच्याबद्दल बरेच अभ्यास आहेत. दुसऱ्या क्रमांकावर ग्लिसरीन, तो पाणी धरून ठेवतो. या दोघांची साधी बाटली निम्म्याहून कमी पैशांत मिळते. खोक्यावर मात्र नायसिनामाइडचं नाव ठिपक्याएवढं असेल, पैज लावतो.

सायली_घोडबंदर

नाहीच आहे समोर. 😐 आणि इन्युलिन? तो तर पाचवा आहे.

त्वचा_निवासी

इन्युलिन हे प्रीबायोटिक, चांगल्या जिवाणूंचं खाद्य, असं म्हणतात. आतड्यात हे चांगलं अभ्यासलेलं आहे. त्वचेवर मात्र खरी अट 'निवडून' ही आहे: चांगल्यांनी खावं, वाईटांनी नाही. काचेच्या भांड्यात एक जिवाणू वाढतो नि दुसरा नाही हे दाखवणं सोपं. तेच चेहऱ्यावर घडतं का, आणि घडलं तर तुम्हाला काही बरं वाटतं का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि तिथे पुरावा विरळ होतो. इन्युलिनने त्वचा मऊ वाटते ते तो ओलावा धरतो म्हणूनही असेल.

डेटा_दामोदर

एक शंका. माझ्याकडच्या फेसवॉशवर 'मायक्रोबायोम टेस्टेड, जीनोमिक पद्धतीने विविधता वाढल्याचे सिद्ध' असं आहे. जीनोमिक म्हणजे डीएनए वाचला असणार, मग ते पक्कंच ना? आणि विविधता जास्त म्हणजे चांगलं, जंगलासारखं.

त्वचा_निवासी

डीएनए वाचन पक्कं असतं, पण ते जिवंत-मृत ओळखत नाही. मेलेल्या जिवाणूचाही डीएनए वाचला जातो. लायसेटवालं क्रीम लावून तासाभराने गालावर कापूस फिरवला तर लॅक्टोबॅसिलस 'सापडणारच'. ते क्रीमच परत मोजल्यासारखं झालं. म्हणून विचारायचं की नमुना कधी घेतला, आणि साध्या क्रीमच्या गटात काय दिसलं?

विविधतेचं जंगलाचं उदाहरण आकर्षक आहे, पण तेलकट कपाळावर निरोगी माणसातही एकाच जिवाणूचं राज्य असू शकतं आणि तिथे ते ठीक असतं. इसब भडकतो तेव्हा स्टॅफ ऑरियस हा जिवाणू माजतो नि विविधता घसरते हे खरं. पण त्यावरून 'कुठेही विविधता वाढवा, चांगलंच' असं निघत नाही. आणि २०१६ मध्ये बारा निरोगी माणसांच्या त्वचेचे नमुने दोन वर्षांपर्यंतच्या अंतराने तपासले तेव्हा प्रत्येकाची वस्ती बऱ्यापैकी तीच राहिली होती. रोज धुणं, घासणं, बाहेर फिरणं चालू असताना. दोन आठवड्यांत ती 'पुन्हा घडवू' म्हणणाऱ्या बाटलीकडे मी जरा रोखूनच बघते.

डेटा_दामोदर

मग 'मायक्रोबायोम फ्रेंडली' शिक्का?

पेट्रीडिश

बहुधा एवढंच, की चाचणीत जिवाणूंना मोठा धक्का दिला नाही. नुकसान करत नाही हा दावा, फायदा करते हा नव्हे. सौम्य फेसवॉश कोणताही असो, तोही कदाचित पास होईल.

हिरवी_वेल

तुम्ही दोघं सगळंच मोडीत काढताय. जिवंत जिवाणूंनी इसब बरा झाल्याचे अमेरिकी सरकारी संस्थेचे प्रयोग मी वाचलेत. रोझिओमोनास की काहीतरी नाव होतं.

त्वचा_निवासी

बरोबर वाचलंस, आणि तो प्रयोग मला फार शिकवून गेला. रोझिओमोनास म्युकोसा, निरोगी माणसांच्या त्वचेवरून घेतलेला, म्हणजे खरा रहिवासी. अमेरिकेच्या राष्ट्रीय ॲलर्जी व संसर्गरोग संस्थेतल्या गटाने २०१८ मध्ये दहा मोठी माणसं आणि पाच मुलांवर तो जिवंत फवारला. इसब बऱ्याच जणांचा सुधारला. पण तुलनेचा गट नव्हता. सगळ्यांना माहीत होतं की खरा जिवाणू मिळतोय.

मग एका कंपनीने त्याचं औषध करून मोठी चाचणी घेतली, दीडशेहून जास्त रुग्ण, अर्ध्यांना जिवाणू नि अर्ध्यांना जिवाणूविना फवारा, कोणाला काय ते गुपित. २०२१ मध्ये निकाल आला. इसब निम्म्याने तरी उतरला असे जिवाणूच्या गटात सुमारे ५८ टक्के. जिवाणूविना गटात सुमारे ६०.

ते साठ नीट बघ. काहीही खास न देता शंभरातले साठ जण सुधारले. इसब आपला आपण चढतो-उतरतो, माणूस डॉक्टरकडे येतो तो सर्वांत वाईट दिवसांत, आणि चाचणीत असताना काळजीही जास्त घेतो. साध्या फवाऱ्याचा गट नसता तर ५८ टक्के हा आकडा खोक्यावर सोन्याच्या अक्षरात छापला गेला असता.

दुसऱ्या बाजूचंही सांगते. व्हिट्रिओसिला फिलिफॉर्मिस या गरम झऱ्यातल्या जिवाणूचा ५ टक्के लायसेट, ७५ रुग्ण, ३० दिवस, तुलना साध्या क्रीमशी, २००८ मध्ये. तिथे लायसेटचा गट पुढे होता. लहान अभ्यास, त्याच मोठ्या कंपनीचा, पण मांडणी नीट. म्हणून या विषयाला मी पूर्ण थाप म्हणत नाही.

हिरवी_वेल

म्हणजे मेलेला जिवाणू चालला नि जिवंत नाही चालला? हे तर उलटंच झालं.

त्वचा_निवासी

वेगळे जिवाणू, वेगळ्या चाचण्या, त्यांची आपसात तुलना होत नाही. पण कोड्यात टाकणारं आहे, हे खरं.

तिरकस_सदाशिव

एवढं खोटं छापतात तर तक्रार कुठे करायची ते सांगा, मला निवृत्तीनंतर छंद हवाच आहे.

पेट्रीडिश

काका, आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनांचे २०२० चे नियम खोटे किंवा दिशाभूल करणारे दावे चालवून घेत नाहीत. जाहिरातीसाठी जाहिरात मानक परिषदेकडे तक्रार करता येते. पण 'समतोल परत आणते' हे इतकं निसरडं आहे की खोटं ठरवणार कसं? 'इसब बरा करते' लिहिलं की मात्र ते औषधाच्या कायद्यात शिरतं. म्हणून लिहिणारे हुशारीने 'समतोल'वर थांबतात.

सायली_घोडबंदर

अपडेट. कंपनीच्या ग्राहकसेवेला चार ओळी लिहिल्या होत्या: जिवंत आहेत का, कोणता जिवाणू, किती टक्के, आणि साध्या सीरमशी तुलना केली होती का. उत्तर आलं, नम्र होतं. जिवंत नाहीत म्हणाले. जिवाणूची नेमकी जात आणि टक्केवारी 'गोपनीय'. अभ्यास म्हणून एक पीडीएफ जोडली. चार आठवडे वापरून झाल्यावर बायकांना विचारलेली प्रश्नावली आहे, त्वचा 'अधिक निरोगी वाटते' याला बहुतेकींनी हो म्हटलंय. साधं सीरम कोणालाच दिलेलं नाही. शेवटी लिहिलंय की आपल्या विश्वासाबद्दल आभार, पुढच्या खरेदीवर १५ टक्के सूट.

बाटली अर्धी उरलीय, टाकवत नाही. आता असं करून बघणार: उजव्या गालावर हे आणि डाव्या गालावर साधं नायसिनामाइड-ग्लिसरीनवालं, नवऱ्याला न सांगता. तो दर रविवारी कोणता गाल बरा ते सांगेल.

पेट्रीडिश

चांगलं आहे, पण तुला माहीत असेल कोणत्या गालावर काय ते. नवऱ्याला बाटल्यांवर अ आणि ब चिकटवायला लाव, सीरम सारख्या डब्यांत काढून, आणि चिठ्ठी त्याच्या पाकिटात राहू दे. मग गाल दुसऱ्या कोणीतरी बघायला हवेत.

सायली_घोडबंदर

सासूबाई बघतील. त्या तशाही बघतातच.

कमलाकाकू

नातीला नेऊन आणलं. डॉक्टरांनीही दही बंदच सांगितलं. पण मी माझ्यासाठी लावणार हो.